सातबाऱ्यावरचे नाव कसे बदलते

महाराष्ट्रातील गावाचे महसुली दप्तर तलाठ्याकडे असते. 2024 मध्ये या पदाला ‘ग्राम महसूल अधिकारी’ असे नाव मिळाले, पण गावच्या बोलण्यात तलाठी आणि समोर गेल्यावर ‘भाऊसाहेब’ हीच नावे अजून चालतात. त्याच्या आधी हे काम वंशपरंपरागत कुलकर्ण्याकडे होते. दप्तराचे रुमाल कुलकर्ण्याच्या घरी असत आणि वतनाबरोबर ते बापाकडून मुलाकडे जात. 1950 च्या कायद्याने कुलकर्णी वतने गेली आणि त्या जागी पगारी, बदली होणारा सरकारी नोकर आला. आज एक किंवा अधिक गावांचा मिळून एक साझा असतो व त्यावर एक तलाठी असतो. काही साझ्यांचे मिळून मंडळ होते आणि त्यावर मंडळ अधिकारी असतो. मंडळ अधिकाऱ्याच्या वर तहसीलदार, आणि त्याच्याही वर प्रांत, म्हणजे उपविभागीय अधिकारी.

तलाठ्याच्या दप्तरात क्रमांकवार गाव नमुने असतात. लोकांच्या ओळखीचा सातबारा हा खरे तर दोन नमुन्यांचा जोड आहे. नमुना 7 म्हणजे अधिकार अभिलेख पत्रक, त्यात जमीन कोणाच्या नावे आहे, क्षेत्र किती, आकार किती आणि बोजा कोणाचा आहे हे असते. नमुना 12 ही पिकांची नोंदवही. 8-अ च्या उताऱ्यात एका खातेदाराची गावातील सगळी जमीन एकत्र दिसते. नाव बदलण्याच्या दृष्टीने मात्र या तिघांपेक्षा नमुना 6, म्हणजेच फेरफार नोंदवही, महत्त्वाची आहे. सातबाऱ्यावर थेट कोणतेही नाव लिहिता येत नाही आणि खोडताही येत नाही. आधी नमुना 6 मध्ये नोंद होते, ती प्रमाणित होते, आणि त्यानंतरच तिचा अंमल सातबाऱ्यावर येतो. म्हणून सातबाऱ्यावरच्या नावाशेजारी वर्तुळात एक आकडा दिसतो. तो फेरफाराचा क्रमांक असतो, आणि ते नाव कोणत्या कारणाने आले हे त्या क्रमांकाच्या फेरफारात लिहिलेले असते.

जमीन मिळण्याच्या वाटा अनेक असल्या, तरी कार्यालयाकडे त्या दोनच रीतींनी पोहोचतात. खरेदीखत, बक्षीसपत्र, गहाणखत असा नोंदणीकृत दस्त असेल, तर दुय्यम निबंधक कार्यालयाकडूनच तलाठ्याला कळते. आता ही सूचना संगणकावरून जाते. दस्त नसेल, तर ज्याला हक्क मिळाला त्याने तीन महिन्यांच्या आत तलाठ्याला कळवायचे, असे महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, 1966 च्या कलम 149 मध्ये म्हटले आहे. वारसाहक्क हा या दुसऱ्या रीतीचा. गावोगावची बरीच भांडणे याच नोंदीत अडकलेली असल्याने ती तपशिलाने पाहणे बरे.

समजा, एका गटात 1 हेक्टर 60 आर जमीन आहे आणि तिचा एकटा खातेदार मृत्युपत्र न करता वारला. जमीन त्याच्या स्वकष्टाची आणि कुटुंब हिंदू वारसा कायद्याखाली येणारे. मागे पत्नी, दोन मुलगे आणि लग्न होऊन सासरी गेलेली एक मुलगी. मुलांपैकी एक जण मृत्यूचा दाखला, सातबारा आणि सर्व वारसांची नावे-पत्ते असलेला अर्ज घेऊन तलाठ्याकडे जातो. तलाठी अर्ज आधी वारस नोंदवहीत, म्हणजे नमुना 6-क मध्ये घेतो आणि गावात चौकशी करतो. पोलीस पाटील, शेजारी, भाऊबंद यांच्याकडून आणखी वारस आहे का हे तपासले जाते. वारस ठरले की नमुना 6 मध्ये फेरफार धरला जातो.

त्यानंतर नमुना 9 ची नोटीस निघते. ती हितसंबंधितांना बजावली जाते आणि एक प्रत चावडीवर लागते. आता ‘आपली चावडी’ या संकेतस्थळावरही ती दिसते. हरकतीसाठी पंधरा दिवसांची मुदत असते आणि ती संपण्यापूर्वी नोंद प्रमाणित करता येत नाही. हरकत आली नाही, तर मंडळ अधिकारी कागद तपासून नोंद प्रमाणित करतो. लिहिणारा एक आणि मंजूर करणारा दुसरा, ही विभागणी मुद्दाम आहे. मयताचे नाव कंसात जाते आणि चौघांची नावे येतात. प्रत्येकाचा हिस्सा एक चतुर्थांश, म्हणजे क्षेत्रात 40 आर. तरीही कोणते 40 आर कोणाचे, हे या नोंदीने ठरत नाही. खाते सामाईकच राहते. बांध घालायचा तर वाटप वेगळे करावे लागते आणि त्याचा फेरफारही वेगळा होतो.

चूक बहुधा अर्जातच होते. मुलीचे नाव सोडून दिले जाते, किंवा तिने ‘मला हिस्सा नको’ असे साध्या कागदावर लिहून दिलेले जोडले जाते. अशा जबाबाने हक्क सुटत नाही. हक्कसोडपत्र नोंदणीकृत असावे लागते, आणि तेही वारस म्हणून तिचे नाव लागल्यानंतर केलेले सोयीचे, कारण मग दोन्ही पायऱ्या दप्तरात दिसतात. जुन्या उताऱ्यांवर आणखी एक खुबी आढळते. थोरल्या मुलाच्या नावापुढे ‘ए.कु.मॅ.’, म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर, असे लिहिलेले असे. त्याने आपल्यापुरते नाव लागलेले नसे, तर तो भावंडांच्याही वतीने असे. पुढच्या कुठल्या तरी नोंदीत ही तीन अक्षरे गळाली की तो एकटाच मालक दिसू लागतो, आणि त्याची मुले तसेच समजून चालतात.

पंधरा दिवसांत कोणी लेखी हरकत घेतली, तर तलाठ्याने तिची पोच द्यायची आणि ती तक्रार नोंदवहीत, नमुना 6-अ मध्ये घ्यायची. वाद निकाली काढण्याचा अधिकार त्याला नाही. सुनावणी अव्वल कारकुनाच्या खालच्या दर्जाचा नसलेला अधिकारी घेतो. त्याचा निर्णय मान्य नसेल, तर प्रांताकडे साठ दिवसांत अपील करता येते. लेखनातली साधी चूक, जसे 40 चे 4 झाले किंवा नाव चुकीचे पडले, असेल तर तहसीलदाराकडे कलम 155 खाली अर्ज पुरतो. मात्र काही वेळा याच कलमाच्या आडून हक्कच बदलून घेण्याचा प्रयत्न होतो. तो त्या कलमाचा उपयोग नव्हे.

मुळात या सगळ्या नोंदी महसुलासाठी आहेत. प्रमाणित नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरी धरावी, असे कलम 157 म्हणते. त्यामुळे ती पुरावा म्हणून वजनदार असते. तिने मालकी निर्माण मात्र होत नाही. वगळलेल्या मुलीला दिवाणी न्यायालयात आपला हिस्सा मागता येतो आणि तिथे हुकूम झाला की त्या आधारे पुन्हा फेरफार होतो.

म्हणून जमीन घेणाऱ्याला ताजा सातबारा पाहून भागत नाही. त्यावरच्या वर्तुळातल्या आकड्याचा फेरफार काढायचा, त्यातून जे आधीचे नाव मिळेल त्याचा फेरफार काढायचा, आणि असे मागे जात राहायचे. मयत किती वारस ठेवून गेला आणि पुढच्या नोंदीत त्यातले किती उरले, हे या साखळीत मोजता येते. उताऱ्यावर प्रलंबित फेरफार दाखवला असेल, तर व्यवहार त्याच्या निकालापर्यंत थांबवावा लागतो.