चार कमांड, दोन खोल्या

घराचा प्लॅन काढायला नव्याने शिकणारा माणूस प्रत्येक रेघ मोजून मापून ओढतो. जिथे सुरू व्हायला हवी तिथेच सुरू करतो आणि जिथे संपायला हवी तिथेच थांबवतो. ड्रॉइंग बोर्डवर हे शहाणपणाचं होतं, कारण शाईची रेघ ब्लेडने खरवडावी लागे. ऑटोकॅडमध्ये हीच सवय वेळ खाते. इथे रेघ हवी त्यापेक्षा लांब येऊ द्यायची आणि जास्तीचा भाग नंतर उडवायचा. ऑफसेट, ट्रिम, एक्स्टेंड आणि फिलेट या चार कमांड त्यासाठीच आहेत.

एक छोटं घर घेऊ. बैठकीची खोली आतून 4000 बाय 3000 मिलिमीटर, शेजारी स्वयंपाकघर 3000 बाय 3000. बाहेरच्या भिंती नऊ इंची, म्हणजे 230. मधलं पार्टिशन साडेचार इंची, म्हणजे 115. स्वयंपाकघराच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात 1200 बाय 1500 ची मोरी.

सुरुवात आतल्या मापापासून करावी, कारण घरमालक विचारतो ते आतलं माप. 4000, 115 आणि 3000 मिळून आतली एकूण लांबी 7115 होते. तेवढा आयत काढायचा आणि 230 चा ऑफसेट द्यायचा:

```
REC
0,0
7115,3000
O
230
```

मग आयतावर क्लिक आणि बाहेरच्या बाजूला एक क्लिक. बाहेरची कड तयार, चारही कोपरे जुळलेले. आयत हा एकसंध आकार असल्यामुळे कोपरे आपोआप जुळतात. चार सुट्या रेघा ऑफसेट केल्या असत्या तर कोपऱ्यांत फटी राहिल्या असत्या. म्हणून आयत लगेच फोडू नये. आधी बाहेरची कड काढून घ्यावी, मग आतला आयत `EXPLODE` करून त्याच्या चार रेघा सुट्या कराव्यात. त्या आता मोजपट्टीसारख्या वापरायच्या आहेत.

डाव्या आतल्या रेघेला उजवीकडे 4000 चा ऑफसेट दिला की पार्टिशनची एक कड येते. त्या कडेला 115 चा दिला की दुसरी. वर आणि खाली, जिथे पार्टिशन बाहेरच्या भिंतीला मिळतं, तिथे भिंतीच्या आतल्या रेघेचा 115 चा तुकडा मध्येच आडवा राहतो. तो ट्रिमने काढायचा. `TR` टाइप करून एंटर आणि त्या दोन तुकड्यांवर क्लिक. ऑटोकॅड 2021 पासून ट्रिम ड्रॉइंगमधली प्रत्येक रेघ कात्री म्हणून धरतं. जुन्या आवृत्तीत कात्री आधी निवडावी लागते. `TR` नंतर दोनदा एंटर दाबला की तिथेही सगळ्या रेघा कात्री होतात.

ही सोय अधूनमधून अंगाशी येते. सगळ्याच रेघा कापत असल्यामुळे, दोन दारांच्या अर्धवट रेघा एकमेकींना छेदत असतील तर एका क्लिकमध्ये फक्त छोटासा तुकडा जातो आणि कापायचा राहिलेला भाग नजरेतून सुटतो. त्यामुळे एक दार पुरतं साफ करावं, मगच दुसऱ्याला हात घालावा.

पार्टिशनमधलं दार 900 रुंदीचं, खालच्या भिंतीपासून 100 सोडून. बैठकीच्या खालच्या आतल्या रेघेला वर 100 चा ऑफसेट द्यायचा आणि आलेल्या रेघेला 900 चा. या दोन्ही रेघा 4000 लांब आहेत, म्हणजे पार्टिशनच्या अलीकडच्या कडेला येऊन थांबतात. पलीकडच्या कडेपर्यंत न्यायला एक्स्टेंड, म्हणजे `EX`. रेघेच्या ज्या टोकाला वाढवायचं त्याच्या जवळ क्लिक करावा. दुसऱ्या टोकाकडे केला तर कमांड भलत्याच दिशेला बघते. मग ट्रिम: खोलीत पसरलेला भाग उडवायचा, आणि दोन रेघांमधल्या पार्टिशनच्या दोन्ही कडा उडवायच्या. उरतात भिंतीच्या जाडीएवढ्या दोन छोट्या रेघा आणि त्यांच्यामध्ये मोकळी वाट. ट्रिम चालू असतानाच शिफ्ट दाबून क्लिक केलं तर ते एक्स्टेंडचं काम करतं, एक्स्टेंडमध्ये शिफ्ट दाबलं तर ट्रिमचं. सरावलेला ड्राफ्ट्समन म्हणूनच `EX` फारसं टाइप करत नाही.

आता मोरी. उजव्या आतल्या रेघेला डावीकडे 1200 आणि पुढे 115. वरच्या रेघेच्या स्वयंपाकघराकडच्या तुकड्याला खाली 1500 आणि पुढे 115. चार लांब रेघा एकमेकींना छेदून फुलीगोळ्याच्या खेळातल्यासारखी चौकट तयार होते, आणि त्यातून काटकोनातला एक कोपरा काढायचा आहे. ट्रिमने करायला गेलं तर सहा क्लिक लागतात, त्यातले दोन अगदी चिंचोळ्या तुकड्यांवर. फिलेटने चार: `F`, त्रिज्या शून्य, मग मोरीच्या आतल्या दोन कडा, आणि पुन्हा बाहेरच्या दोन कडा.

नवशिक्यांचा गोंधळ इथेच होतो. ट्रिममध्ये ज्या भागावर क्लिक करता तो जातो, फिलेटमध्ये ज्या भागावर क्लिक करता तो राहतो. मोरीसाठी उभ्या रेघेवर छेदाच्या वर आणि आडव्या रेघेवर छेदाच्या उजवीकडे क्लिक हवा. चुकीच्या बाजूला केला तर कोपरा तयार होतो खरा, पण तोंड स्वयंपाकघराकडे करून. आतली कड आतल्या कडेशीच जोडायची हेही बघावं, नाहीतर एका जागी भिंत बारीक आणि पुढे जाड दिसते. कोपरा झाला की वरच्या आणि उजव्या भिंतीवरचे 115 चे तुकडे ट्रिमने उडवायचे, पार्टिशनला केलं तसंच.

फिलेटची दुसरी खोड म्हणजे ती मागची त्रिज्या लक्षात ठेवते. कुणी सकाळी ओट्याचा कोपरा 50 च्या त्रिज्येने गोल केला असेल, तर दुपारी भिंतीचा कोपराही गोल होतो. 50 ची गोलाई पूर्ण प्लॅनमध्ये डोळ्यांना दिसतही नाही, झूम केल्यावर सापडते. दुसरी रेघ निवडताना शिफ्ट दाबून धरलं तर त्रिज्या काहीही असो, कोपरा काटकोनीच येतो. समांतर रेघांचं मात्र वेगळं आहे. भिंतीच्या दोन्ही कडांना फिलेट दिला तर त्रिज्येला न जुमानता टोकावर अर्धवर्तुळ बसतं. गोल टोकाची भिंत हवी असेल तर ही युक्ती कामाची, एरवी ताबडतोब अन्डू.

सगळं झाल्यावर भिंतींमध्ये हॅच भरून पाहावं. दोन दारांमुळे (मुख्य दार याच पद्धतीने खालच्या भिंतीत) मोकळ्या जागा पडल्या तरी सगळ्या भिंती एकमेकींना जोडलेल्याच राहतात. भिंतीच्या आत एकदा क्लिक केलं की सगळ्या भिंती भरल्या पाहिजेत. एखादी रेघ केसभर अलीकडे थांबली असेल तर ऑटोकॅड हद्द बंद नसल्याचं सांगतं आणि उघड्या टोकांभोवती लाल वर्तुळं दाखवतं. तिथे शून्य फिलेट द्यायचा. एकावर एक बसलेल्या दुहेरी रेघा मात्र हॅच पकडत नाही. दोनदा ऑफसेट झाला की त्या येतात, आणि ट्रिम केल्यावरही रेघ तिथेच दिसत राहिली तर खाली दुसरी आहे असं समजावं. `OVERKILL` कमांड त्या काढते.

एक मर्यादा अशी, की ऑफसेट झाल्यावर दोन रेघांचं नातं संपतं. उद्या मालकाने विटांऐवजी 150 चे ब्लॉक घ्यायचं ठरवलं, तर 230 चा आकडा बदलून भिंत बारीक होणार नाही. बाहेरची कड `STRETCH` ने चारही बाजूंनी 80 आत ओढावी लागेल, आणि मुख्य दाराच्या चौकटीच्या रेघा त्या ओढण्यात बरोबर आल्या का, हे दाराशी जाऊन बघावं लागेल.