सोडियम हायड्रॉक्साइडचे प्रमाणीकरण आणि ऑक्झॅलिक आम्लाची साक्ष

हिंगोली जिल्ह्यातील जवळा बाजारसारख्या गावात अकरावीची प्रात्यक्षिके सुरू होतात ती ऐन पावसाळ्यात, आणि नेमक्या याच दिवसांत सोडियम हायड्रॉक्साइडचा, म्हणजे कॉस्टिक सोड्याचा, स्वभाव सर्वांत स्पष्ट दिसतो. तराजूच्या काचेवर ठेवलेल्या त्याच्या पांढऱ्या गोळ्या पाहता पाहता चकाकू लागतात, मग ओलसर होतात आणि अखेर चिघळतात; हवेतील बाष्प शोषले जात असल्यामुळे तराजूवरचा आकडा स्थिर राहत नाही. त्याच वेळी हवेतील कार्बन डायऑक्साइडशी संयोग होऊन गोळीच्या पृष्ठभागावर सोडियम कार्बोनेटही तयार होत असते. म्हणून १ ग्रॅम तोलून २५० मिलिलिटर द्रावण केले, तर ४० या रेणुभाराच्या हिशेबाने त्याची तीव्रता लिटरला ०.१ मोल यायला हवी. परंतु त्या एका ग्रॅममध्ये खरा अल्कली किती आणि पाणी व कार्बोनेट किती, हे तराजू सांगू शकत नाही.

अशा द्रावणाची तीव्रता ठरवण्यासाठी ज्याचे वजन हाच त्याच्या प्रमाणाचा पुरावा ठरू शकेल असा दुसरा पदार्थ लागतो, आणि त्यालाच प्राथमिक मानक म्हणतात. तो शुद्ध मिळावा, त्याची घटना निश्चित असावी, तोलताना त्याने हवेशी देवघेव करू नये, त्याची अभिक्रिया झटपट व ठरलेल्या प्रमाणात पूर्ण व्हावी, आणि शक्यतो त्याचा रेणुभार मोठा असावा, म्हणजे तोलण्यातील लहानशी चूक एकूण वजनाच्या मानाने नगण्य ठरते. स्फटिकरूप ऑक्झॅलिक आम्ल, H2C2O4·2H2O, या कसोट्यांना बऱ्याच अंशी उतरते. त्याचा रेणुभार १२६.०७ असून त्यात स्फटिकजलाचे दोन रेणू धरलेले असतात. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास जर्मन रसायनज्ञ फ्रीड्रिश मोर यांनी आम्ल-अल्कली मापनाचा पाया म्हणून याच आम्लाचा पुरस्कार केला.

समजा १.५६२० ग्रॅम आम्ल तोलून, ऊर्ध्वपातित पाण्यात विरघळवून २५० मिलिलिटर द्रावण केले, तर त्याची तीव्रता ०.०४९५६ मोल प्रति लिटर येते. त्यातील १० मिलिलिटर पिपेटने, अर्थात तोंडाने न ओढता, शंकुपात्रात घेऊन फिनॉल्फ्थॅलीनचे दोन थेंब टाकायचे आणि ब्युरेटमधून अल्कली सोडत राहायचे. आरंभी पडेल तिथे उमटणारी गुलाबी छटा हलवताच नाहीशी होते. अंत्यबिंदूजवळ ती रेंगाळू लागते, आणि एका थेंबाने सर्व द्रावणाला फिकट गुलाबी रंग येऊन तो अर्धा मिनिट टिकला की थांबावे. नंतर तो उडाला तरी हरकत नाही, कारण ते काम हवेतील कार्बन डायऑक्साइडचे असते. मिथिल ऑरेंज येथे चालत नाही, कारण आम्लाचा दुसरा हायड्रोजन पूर्ण उदासीन होण्याआधीच त्याचा रंग पालटतो.

ब्युरेटवर १०.३ मिलिलिटर वाचन आले असे धरू. आम्लाच्या एका रेणूला अल्कलीचे दोन रेणू लागत असल्याने अल्कलीची तीव्रता २ × ०.०४९५६ × १० ÷ १०.३, म्हणजे ०.०९६२ ठरते, तोलून मानलेल्या ०.१ पेक्षा ती सुमारे चार टक्क्यांनी कमी आहे. हा फरक किरकोळ वाटेल, पण त्याच अल्कलीने व्हिनेगर तपासले तर निकालच उलटतो. व्हिनेगर दहापट पातळ करून त्यातील १० मिलिलिटरला ६.४ मिलिलिटर अल्कली लागली, तर ०.१ धरून अॅसिटिक आम्ल ३.८४ टक्के येते, आणि ०.०९६२ धरून ३.७० टक्के. भारतीय अन्न मानकांची किमान मर्यादा ३.७५ टक्के असल्यामुळे पहिल्या हिशेबात नमुना उत्तीर्ण होतो, दुसऱ्यात नापास.

मात्र ऑक्झॅलिक आम्लाची साक्षही निःशंक मानू नये. अल्कलीला पावसाळा बाधतो, तर या आम्लाला मराठवाड्याचा कोरडा, तापलेला उन्हाळा: उघड्या बाटलीतील स्फटिक जल गमावून पांढरे, भुकटीसारखे होतात, आणि ओव्हनमध्ये वाळवले तर तीच हानी अधिक वेगाने होते. असे आम्ल १२६.०७ धरून वापरले, तर त्या वजनात प्रत्यक्षात आम्ल जास्त असते, अल्कली अधिक लागते आणि तिची तीव्रता खऱ्यापेक्षा कमी निघते. म्हणून काटेकोर प्रयोगशाळा निर्जल, वाळवता येणारे पोटॅशियम हायड्रोजन थॅलेट पसंत करतात. शालेय कामाला नुकतीच उघडलेली बाटली व पारदर्शक स्फटिक पुरतात.

द्रावणातील कार्बोनेटचा प्रश्न मात्र प्रमाणीकरणानेही पुरता मिटत नाही. फिनॉल्फ्थॅलीन वापरले असता कार्बोनेट आपल्या निम्म्याच क्षमतेने मोजले जाते, मिथिल ऑरेंज वापरले असता जवळजवळ पूर्ण. त्यामुळे एका दर्शकाने ठरवलेली तीव्रता दुसऱ्या दर्शकाच्या मोजणीत वापरणे चूक आहे. कार्बोनेट टाळायचे असेल तर अल्कलीचे सुमारे पन्नास टक्के तीव्र द्रावण करून ठेवतात. त्यात कार्बोनेट जवळजवळ विरघळत नाही आणि तळाशी बसते, मग वरचे निवळ द्रावण उकळून थंड केलेल्या पाण्यात मिसळून प्लॅस्टिकच्या घट्ट बुचाच्या बाटलीत भरतात. तरीही काही दिवसांनी तीव्रता पुन्हा तपासून बाटलीवरचा आकडा व तारीख बदलावी लागते.