बँकेला कळवा, पण पत्ता पूर्ण द्या

बँकेच्या लॉगिन पानाची हुबेहूब नक्कल करणारं पान सापडलं, की लोक ग्राहकसेवेला लिहितात: ‘तुमच्या नावाने खोटी वेबसाइट चालू आहे, ताबडतोब कारवाई करा.’ सोबत स्क्रीनशॉट असतो. तळमळ खरी असते, पण एवढ्यावर बँकेला फारसं काही करता येत नाही. ते पान कुठे आहे, हेच पत्रात नसतं.

आणि पान शोधणं अवघड असतं, कारण ते मुद्दाम लपवलेलं असतं. बरीच फिशिंग पानं फक्त मोबाइलवर किंवा फक्त भारतातल्या इंटरनेट जोडणीवरच उघडतात. काही पानं मेसेजमधल्या लिंकच्या शेवटचा सांकेतिक भाग असल्याशिवाय दिसत नाहीत. बँकेतला तपासनीस ऑफिसच्या संगणकावर लिंक उघडतो, तेव्हा समोर कोरा पडदा येतो किंवा थेट बँकेची खरी वेबसाइट येते. ‘पान आढळले नाही’ असा शेरा मारून तक्रार बंद होते आणि खोटं पान चालूच राहतं. म्हणून पत्राचं काम एकच: तुम्हाला जे दिसलं, ते अनोळखी माणसालाही तसंच दिसलं पाहिजे.

समजा, केवायसी अद्ययावत करण्याचा एसएमएस आला आणि लिंकवर बँकेचं लॉगिन पान उघडलं. पत्र असं लिहावं:

‘आज दुपारी 2 वाजून 40 मिनिटांनी मला सोबत जोडलेला एसएमएस आला. पाठवणाऱ्याचा क्रमांक स्क्रीनशॉटमध्ये आहे. लिंक अशी:

`hxxps://netbanking[.]bank[.]in[.]kyc-update[.]example/login?id=7Q4X2`

ती अँड्रॉइड फोनवर, क्रोममध्ये, मोबाइल डेटावर उघडली. पानावर युजर आयडी, पासवर्ड आणि डेबिट कार्डाचा पिन मागितला आहे. मी कोणतीही माहिती भरलेली नाही.’

शेवटचा `example` हा शब्द इथे नमुन्यापुरता. बाकी रचना खऱ्या फसव्या पत्त्यांसारखीच आहे. `https` ऐवजी `hxxps` आणि टिंबांना चौकटी कंस घालण्यामागे दोन कारणं आहेत. वाचणाऱ्याचं बोट चुकून लिंकवर पडलं तरी ती उघडत नाही. शिवाय घातक लिंक असलेली मेल बँकेची यंत्रणा वाटेतच अडवू शकते, तो धोका कमी होतो. मात्र बाकीचं एक अक्षरही बदलू नये आणि `id` नंतरचा भाग तर मुळीच गाळू नये.

हा पत्ता फसवा, हे कसं ओळखायचं? `https://` नंतरच्या पहिल्या तिरक्या रेघेपासून मागे वाचत यायचं. रेघेच्या लगेच आधी जे नाव असतं, ते खऱ्या मालकाचं. इथे ते `kyc-update.example` आहे; त्याआधीचं `bank.in` ही निव्वळ सजावट. रिझर्व्ह बँकेने भारतीय बँकांना 31 ऑक्टोबर 2025 पर्यंत `.bank.in` या राखीव पत्त्यावर जायला सांगितलं होतं. हे नाव फक्त बँकांनाच मिळतं, पण ते शेवटी असेल तरच त्याला अर्थ आहे. कुलपाच्या चिन्हावर विसंबू नये. फोन आणि त्या वेबसाइटमधली देवाणघेवाण सांकेतिक आहे, एवढंच ते सांगतं, आणि खोट्या पानालाही ते सहज मिळतं.

लिंक ईमेलने आली असेल, तर ती मेल नुसती फॉरवर्ड करू नये. तसं केलं की मूळ मेल कोणत्या सर्व्हरवरून आली याच्या नोंदी गळून पडतात. मूळ मेल फाइल म्हणून डाउनलोड करून पत्राला जोडावी. पत्र कुठे पाठवायचं, तो पत्ता बँकेच्या ॲपमधून किंवा पासबुकावरून घ्यावा. गुगलवर ग्राहकसेवेचा क्रमांक शोधू नये, कारण तिथेही ठगांनी स्वतःचे क्रमांक पेरलेले असतात.

नेमकी लिंक हाती आली, की बँक ज्या कंपनीच्या सर्व्हरवर ते पान ठेवलंय तिला आणि ज्या कंपनीकडून ते नाव नोंदवलंय तिलाही पान उतरवायला सांगते. ब्राउझरच्या धोकादायक पानांच्या यादीतही ते घालता येतं, मग इतरांना ते उघडताना लाल इशारा दिसतो. लिंकची प्रत भारत सरकारच्या सर्ट-इन या संस्थेलाही पाठवावी.

पासवर्ड भरला गेला असेल, तर मात्र पत्र नंतर. आधी बँकेला फोन करून नेटबँकिंग आणि कार्ड बंद करावं, पैसे गेले असतील तर 1930 वर कळवावं. रिझर्व्ह बँकेने 2017 च्या परिपत्रकात ठरवलं होतं, की ग्राहकाने स्वतः गुप्त माहिती दिली असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान त्याचं आणि कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणून फोनवर तक्रार क्रमांक मागून घ्यावा, आणि नंतरच्या पत्रात तो क्रमांक व फोन केल्याची वेळ पहिल्याच ओळीत लिहावी.