एका बाजूला गार, दुसऱ्या बाजूला गरम

ड्युअल-झोन एसीच्या गाडीत दोन्ही बाजूंचे तापमान 18 अंशांवर ठेवले, तरी उजवीकडे गार हवा येते आणि डावीकडच्या जाळीतून मात्र भाजणारी. अशा वेळी गॅस संपला असावा, असा तर्क बहुतेक जण करतात. पण दोष बऱ्याचदा डॅशबोर्डमागच्या मुठीएवढ्या मोटरमध्ये असतो.

ब्लोअरची हवा आधी एसीच्या कूलिंग कॉइलमधून जाते. त्यापुढे हीटर कोअर असतो. त्यात इंजिनचे गरम कूलंट खेळत असते, आणि बऱ्याच गाड्यांत ते उन्हाळ्यातही थांबत नाही. गार झालेल्या हवेपैकी किती हवा हीटरवरून न्यायची, हे एक झडप ठरवते. ड्युअल-झोन गाडीत डाव्या-उजव्या बाजूंना वेगळ्या झडपा असतात आणि प्रत्येकीला स्वतःची मोटर, म्हणजे ब्लेंड डोअर ॲक्च्युएटर. मोटर बंद पडली की झडप जिथे असेल तिथेच अडकते. ती हीटरच्या बाजूला अडकली, तर भर मे महिन्यातही तिथून गरम हवाच येणार.

दोष ओळखायला इंजिन पुरते तापू द्यावे. मग दोन्ही बाजू आधी सर्वांत गार आणि नंतर सर्वांत गरम करून पाहाव्यात. डावी बाजू दोन्ही वेळा सारखीच गरम राहिली, तर संशय झडपेवर. गॅस कमी असेल तर एखादी बाजू कमी गार होते, पण गरम मागितल्यावर नीट गरम होते. हीटर कोअर चोंदला असेल तर उलट घडते: गारवा दोन्हीकडे ठीक, गरम हवा मात्र एकीकडे कोमट.

तापमान बदलताना डॅशबोर्डमागून टक-टक-टक असा आवाज येत राहिला, तर आतल्या प्लॅस्टिकच्या गिअरचे दात तुटलेले असतात. काहीच आवाज नसेल, तर मोटर जळली आहे की तिला वीजच पोहोचत नाही, हे कनेक्टरवर मीटर लावून पाहावे लागते.

नवी मोटर घेण्याआधी एक गोष्ट चुकवू नये. दोन-तीन स्क्रू काढून जुनी मोटर उतरवावी आणि झडपेचा दांडा हाताने हलके फिरवावा. तो सहज फिरला व हवा गार-गरम झाली, तर झडप शाबूत आहे. दांडा जड जात असेल, तर झडप मोकळी केल्याशिवाय नवी मोटर बसवू नये; तिचेही दात जातील.

मोटर बसवल्यावर झडपेची दोन्ही टोके कंट्रोल युनिटला नव्याने कळावी लागतात. काही गाड्या इग्निशन चालू केल्यावर हे आपोआप करतात. त्या वेळी एसीच्या बटणांना हात लावू नये. काहींना स्कॅनर जोडावा लागतो. मोटरची किंमत सहसा फार नसते. पण ती डॅशबोर्डच्या आत खोलवर असेल, तर खोलण्याची मजुरी मोटरपेक्षा जास्त होते.