गच्चीवरची टाकी: आधी गाळ, मग ब्लीचिंग पावडर

मंडळी, आधी आमचीच चूक सांगतो. गच्चीवरच्या हजार लिटरच्या टाकीत शेवाळ दिसलं, म्हणून आम्ही वरून ब्लीचिंग पावडर टाकली आणि झाकण लावलं. संध्याकाळी क्लोरीनचा वाससुद्धा उरला नाही, आणि थोड्याच दिवसांत टाकी पुन्हा हिरवी! असं का झालं? तळाचा गाळ आणि भिंतीवरचं शेवाळ क्लोरीन खाऊन टाकतात. जंतू मारायला तो शिल्लकच राहत नाही. म्हणून आधी घासणं, मग औषध.

पुढच्या वेळी आम्ही मोटर बंद ठेवून पाणी वापरून संपवलं. तळाशी चार बोटं उरल्यावर घरात जाणाऱ्या पाइपचा व्हॉल्व्ह बंद केला. हे विसरलं, की ढवळलेला गाळ थेट नळात येतो. मग लांब दांड्याच्या नायलॉन ब्रशने बाहेर उभं राहूनच घासलं. तारेचा ब्रश नको, त्याच्या ओरखड्यांत शेवाळ पुन्हा धरतं. गढूळ पाणी तळाच्या निचऱ्याच्या तोंडातून काढलं आणि टाकी दोनदा धुतली.

आता औषध. ताज्या पावडरीत साधारण पाव भाग क्लोरीन असतो. हजार लिटरला 200 ग्रॅम पावडर घेतली, म्हणजे लिटरमागे 50 मिलिग्रॅम क्लोरीन मिळतो. हातमोजे आणि चष्मा घालून ती प्लास्टिकच्या बादलीत कालवायची, चुना खाली बसू द्यायचा आणि वरची निवळ भरलेल्या टाकीत ओतायची. व्हॉल्व्ह उघडून प्रत्येक नळाला वास येईपर्यंत पाणी सोडायचं, मग नळ बंद करून चार तास थांबायचं. तोवर ते पाणी प्यायचं नाही की अंघोळीला घ्यायचं नाही. नंतर सगळं काढून टाकी आणि नळ साध्या पाण्याने धुवायचे.

आता जिवाचा प्रश्न. डाग जात नाहीत म्हणून पावडरीसोबत संडास धुण्याचं ॲसिड कधीही वापरू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो. तो हवेपेक्षा जड असतो, त्यामुळे टाकीतच साचतो, आणि आपण तर तोंड आत घालून वाकलेले असतो.

सिमेंटच्या मोठ्या टाकीत उतरावंच लागलं, तर सगळी झाकणं बराच वेळ आधी उघडा. बाहेर एक माणूस सतत हवाच. आतला घुसमटला, तर मदतीला आत उडी मारू नका, दुसराही जातो. उतरणाऱ्याच्या कमरेला आधीच दोर बांधा, म्हणजे बाहेरून ओढता येतं. पाण्यात माणूस असताना विजेचा पंप आत सोडू नका.

शेवटी एक तपासणी. भर दुपारी झाकणाच्या फटीतून आत पाहा. टाकीच्या भिंती उजळलेल्या दिसल्या, तर ऊन आत येतंय आणि शेवाळ परत येणारच. मग बाहेरून काळा रंग द्या, किंवा काळ्या थराची टाकी घ्या.