शिवण्याआधी स्टुलावर चढा!

मुलुंडला पुतणीकडे गेले, तर बाहेरच्या खोलीत पाऊल ठेवायला जागा नाही. जमिनीवर गोधडी मांडलेली! आडवे ५, उभे ७, असे ८ इंची ३५ चौकोन. त्यांतले पाच तिच्या दिवंगत आईच्या लाल खणाचे, बाकीचे फिक्या सुती पातळांचे.

"काकू, घेऊ ना शिवायला?"

"थांब गं. आधी स्टुलावर चढ आणि डोळे किलकिले करून बघ."

किलकिल्या डोळ्यांना नक्षी दिसत नाही, फक्त गडद आणि फिके तेवढे उरते. पाचही लाल चौकोन एका कोपऱ्यात जमले होते. गोधडी त्या अंगाला कलल्यासारखी भासत होती. मग एक लाल चौकोन मधोमध ठेवला आणि उरलेले चार चारी कोपऱ्यांकडे, पण कडेपासून एक घर आत. फाशावरचे पाच ठिपकेच जणू! आता नजर साऱ्या गोधडीभर फिरू लागली.

राहिला काठ. तो तिने गडद हिरवा, चौकोनाएवढाच ८ इंची योजला होता. हिशेब केला, तर ५६ बाय ७२ इंचांच्या गोधडीत शेकडा ४४ भाग नुसता काठच! चौकट भारी, चित्र हरवलेले. काठ निम्मा, ४ इंची केला, तेव्हा तो वाटा २७ वर आला.

पुतणी म्हणाली, "आणि मी काल रात्रीच शिवणार होते!"

भगिनींनो, शिवलेले उसवताना जुना खण विरतो. मांडलेला चौकोन मात्र हवा तितक्यांदा हलवता येतो.