नुकसानभरपाईचे १७ हजार आले, पण ते नेमक्या कोणत्या जीआरप्रमाणे?

सप्टेंबर २०२५ मध्ये अहिल्यानगर जिल्ह्यात पाथर्डी, शेवगावसह अनेक भागांत अतिवृष्टी झाली आणि उभी पिकं पाण्यात गेली. त्यानंतर जे होतं तेच झालं. पंचनामे, याद्या, केवायसी आणि मग पारावरची चर्चा : त्याला एवढे आले, मला इतकेच का?

तलाठी कार्यालयात याचं उत्तर बहुतेक वेळा एका शब्दात मिळतं, 'जीआरप्रमाणे'. उत्तर चुकीचं नाही, पण अर्धवट आहे. कारण गेल्या काही वर्षांत मदतीचे निकष इतक्या वेळा बदललेत की 'जीआर' म्हणजे नेमका कोणता, हे सांगितल्याशिवाय रक्कम बरोबर की चूक हे ठरवताच येत नाही.

एकच शेत, पाच हिशेब

समजा, शेवगाव तालुक्यातल्या एका शेतकऱ्याची तीन हेक्टर जिरायत जमीन आहे आणि सगळं पीक वाया गेलंय. त्याला किती मदत मिळेल?

नुकसान २०२२ च्या खरिपातलं असेल, तर ऑगस्ट २०२२ च्या शासन निर्णयानुसार जिरायतीला हेक्टरी १३,६०० रुपये आणि मर्यादा ३ हेक्टर. म्हणजे ४०,८०० रुपये. मार्च २०२३ मध्ये राज्याने केंद्राचे सुधारित दर लागू केले. दर ८,५०० रुपये, मर्यादा २ हेक्टर. त्याच शेताला आता १७,००० रुपये.

१ जानेवारी २०२४ च्या जीआरने पुन्हा १३,६०० आणि ३ हेक्टर आणले, म्हणजे परत ४०,८००. ३० मे २०२५ ला हे वाढीव दर मागे घेतले गेले आणि आकडा पुन्हा १७,००० वर आला. मग ऑक्टोबर २०२५ च्या पॅकेजमध्ये मर्यादा ३ हेक्टर झाली. आता ८,५०० च्या दराने २५,५०० रुपये. शिवाय रब्बीच्या तयारीसाठी हेक्टरी १०,००० रुपये जाहीर झाले, पण तो वेगळा हिशेब.

शेत तेच, नुकसान तेच. बदलला तो फक्त निकष. त्या त्या काळापुरता यातला प्रत्येक आकडा बरोबर आहे.

रकमेवरून मागे जाता येत नाही का?

वाटतं की येईल. मिळालेल्या रकमेला क्षेत्राने भागलं की दर कळला, आणि दर कळला की जीआर कळला. इथेच खरी गोम आहे.

२०२२ चे वाढीव दर ठरवताना आधीचे दर सरळ दुप्पट केले होते. जिरायतीचे ६,८०० चे १३,६०० झाले, बागायतीचे १३,५०० चे २७,००० आणि बहुवार्षिक पिकांचे १८,००० चे ३६,०००. त्यामुळे यादीत कुणाच्या नावापुढे २७,००० रुपये दिसले, तर ती जुन्या दराने दोन हेक्टर बागायतीची मदत असू शकते आणि वाढीव दराने एका हेक्टरचीही. १७,००० चंही तसंच. ८,५०० प्रमाणे दोन हेक्टर जिरायत धरा किंवा २०२३ च्या १७,००० च्या दराने एक हेक्टर बागायत, बेरीज एकच येते.

क्षेत्र लिहिलेलं असेल तर हा गोंधळ सुटेल, असं म्हणता येईल. पण तपासणी करायची असते ती नेमकी क्षेत्राचीच. एक हेक्टर बाधित असताना दोन लिहिले का, जिरायतीला बागायत दाखवलं का, हे शोधायचं आणि त्यासाठी त्याच क्षेत्रावर विसंबून दर काढायचा, म्हणजे ज्याच्यावर संशय त्यालाच साक्षीदार करण्यासारखं आहे. दर बाहेरून, स्वतंत्रपणे माहीत असेल तरच क्षेत्रातली फुगवाफुगवी पकडता येते.

'अपात्र' लाही हेच लागू

रकमेचं सोडा, मदत मिळणार की नाही हेसुद्धा निकषाच्या आवृत्तीवर ठरतं. २०१५ पर्यंत किमान ५० टक्के नुकसान झालं तरच मदत मिळायची. त्यानंतर ही अट ३३ टक्क्यांवर आली. म्हणून २०१४ च्या पंचनाम्यात ४० टक्के नुकसान आणि पुढे 'अपात्र' असा शेरा दिसला, तर तो निर्णय तेव्हाच्या नियमाने योग्य होता. तोच शेरा २०२० च्या कागदावर असेल, तर शेतकऱ्याचा हक्क डावलला गेलाय. दोन्ही कागदांवर नुसतं 'निकषात बसत नाही' लिहिलेलं असेल, तर दहा वर्षांनी फाईल उघडणाऱ्याने काय समजायचं?

मग नोंद कशी असायला हवी?

गंमत म्हणजे यासाठी लागणारी गोष्ट सरकारकडे आधीपासून आहे. राज्य सरकारच्या संकेतस्थळावरच्या प्रत्येक शासन निर्णयाला १८ अंकी संगणक संकेतांक असतो. त्याचे पहिले आठ अंक म्हणजे तारीख : वर्ष, महिना, दिवस. एकाच दिवशी दोन जीआर निघाले तरी त्यांचे संकेतांक वेगळे. शिवाय निधीवाटपाच्या जीआरमध्ये सुरुवातीलाच 'वाचा' म्हणून आधीच्या निर्णयांची यादी असते. थोडक्यात, हा निर्णय कोणत्या निर्णयांच्या आधारावर उभा आहे, हे मंत्रालय स्वतःच्या कागदावर लिहितं.

हीच शिस्त शेतकऱ्याच्या ओळीपर्यंत उतरायला हवी. गावच्या यादीत विशिष्ट क्रमांक, नाव, क्षेत्र आणि रक्कम एवढ्यावर न थांबता पीकप्रकार, नुकसानीची टक्केवारी, एकूण बाधित क्षेत्र, त्यातलं मर्यादेत धरलेलं क्षेत्र आणि जीआरचा संकेतांक, इतकं असलं की कुणालाही गणित पुन्हा मांडता येतं.

तारखा मात्र दोन लागतात. नुकसान कधी झालं ती एक आणि मदत कधी मंजूर झाली ती दुसरी. पाऊस एका महिन्यात, मंजुरी दोन-तीन महिन्यांनी आणि मधल्या काळात नवा जीआर, असं झालं की कोणता दर लावायचा यावरून वाद होतो. नवा दर कोणत्या दिवसापासूनच्या नुकसानीला लागू, हे जीआरमध्येच शोधावं लागतं. संकेतांकातली तारीख जीआर निघाल्याची असते, लागू होण्याची असेलच असं नाही. १ जानेवारी २०२४ चा जीआर नोव्हेंबर २०२३ पासूनच्या नुकसानीसाठी होता, हे याचं चांगलं उदाहरण.

संगणकावर आणखी एक चूक सहज होते. दरांच्या तक्त्यात जुना आकडा खोडून त्याच जागी नवा टाकला जातो. मग जुनी यादी पुन्हा उघडली की सगळ्या रकमा चुकीच्या दिसू लागतात. त्यामुळे जुना दर पुसायचा नाही. त्यापुढे 'कधीपासून कधीपर्यंत' लिहून ठेवायचं आणि नवा दर नव्या ओळीत टाकायचा.

याने घोटाळे थांबतील?

सगळे नाही. जालना जिल्ह्यात अंबड आणि घनसावंगी तालुक्यांतल्या अनुदानवाटपातले गैरप्रकार २०२५ मध्ये चौकशीत पुढे आले. जमीनच नसलेल्याचं नाव यादीत घुसवलं असेल, तर जीआरचा संकेतांक बरोबर लिहूनही ते पकडलं जाणार नाही. त्यासाठी सातबारा, ई-पीक पाहणी आणि पंचनाम्यावरच्या सह्या ताडून पाहाव्या लागतात. संकेतांकाने एवढंच कळतं की पंचनाम्यात जे लिहिलंय, त्यावर योग्य नियम योग्य तऱ्हेने लावला की नाही.

तोपर्यंत ज्याला आपली रक्कम पटत नाही, त्याला माहिती अधिकारात तहसील कार्यालयाकडे आपल्या गटाच्या पंचनाम्याची प्रत मागता येते. अर्जात 'मला कमी पैसे का मिळाले' असं विचारलं, तर उत्तर टोलवलं जाण्याची शक्यता जास्त. 'माझ्या गट क्रमांकाच्या मदतीसाठी वापरलेल्या शासन निर्णयाचा दिनांक व संगणक संकेतांक आणि मर्यादेत धरलेलं क्षेत्र द्यावं' असं विचारलं, तर मागितलेली गोष्ट कागदावरची असते. आणि तो जीआर सरकारच्या संकेतस्थळावर कुणालाही उघडता येतो.